संशयास्पद संदेशासाठी पाच प्रश्न : नववीच्या वर्गासाठी दोन तासिकांचा पाठ

सोलापूरच्या पूर्व भागातील ज्या शाळेत मी शिकवते, तेथील नववीच्या वर्गात बावन्न मुले आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलली जाते. वडील यंत्रमागावर पाळीला गेलेले असतात, आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असते आणि घरात असलेल्या एकुलत्या एका स्मार्टफोनवर मराठीत किंवा इंग्रजीत एखादा संदेश आला की तो वाचून त्याचा अर्थ सांगण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाकडे येते. फसवणुकीचा संदेश वडिलांच्या क्रमांकावर येतो खरा, परंतु त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवणारा पहिला माणूस बहुतेक वेळा चौदा वर्षांचा असतो. हा पाठ त्या घरच्या वाचकासाठी रचलेला आहे. पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका आणि मधली एक संध्याकाळ एवढा वेळ त्याला लागतो. वर्गात मोबाईल लागत नाही, सर्व काम कागदावर होते.

पाठाचा कणा पुढील पाच प्रश्नांचा आहे. ते फळ्यावर याच क्रमाने लिहावेत आणि पाठ संपेपर्यंत पुसू नयेत.

१. हा संदेश माझ्याकडून नेमके काय करून घेऊ पाहतो?
२. ते मी लगेच केले नाही तर काय होईल असे तो सांगतो?
३. पाठवणारा कोण आहे, हे मला कशावरून कळले?
४. यात तपासून पाहता येईल अशी कोणती गोष्ट लिहिली आहे?
५. मी स्वतः शोधलेल्या वेगळ्या वाटेने हीच गोष्ट खरी ठरते का?

क्रमाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. मुलांना मोकळे सोडले तर ती सर्वप्रथम पाठवणाऱ्याकडे पाहतात आणि चित्रात बोधचिन्ह दिसले की तेथेच थांबतात. नाव, बोधचिन्ह आणि गणवेशातील छायाचित्र या तिन्ही गोष्टी कोणालाही उचलून आपल्या खात्यावर लावता येतात. संदेशाची मागणी मात्र लपवता येत नाही, कारण ती लपवली तर संदेशाचा उपयोगच उरत नाही. म्हणून मागणी आधी, पाठवणारा नंतर. शुद्धलेखनाच्या चुका शोधण्याचा प्रश्न मी हेतुपुरस्सर ठेवलेला नाही. पूर्वी मी तो शिकवत असे, परंतु अलीकडचे खोटे संदेश निर्दोष मराठीत येतात आणि खऱ्या सूचनांमध्येही ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतात, त्यामुळे ती खूण दोन्ही बाजूंनी दगा देते.

आदल्या दिवशीची तयारी

चार मुलांचा एक गट केल्यास बावन्न मुलांचे तेरा गट होतात. प्रत्येक गटाला दोन संदेश छापून द्यावयाचे असल्याने प्रत्येकी तेरा प्रती काढाव्यात. संदेशातील मोबाईल क्रमांकाचे शेवटचे सहा अंक फुल्यांनी झाकावेत, कारण वर्गातील एखादा धीट मुलगा घरी जाऊन त्या क्रमांकावर फोन लावून पाहतोच. याच कारणासाठी हे संदेश शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवू नयेत. शिकवण्यासाठी पाठवलेला खोटा संदेश संध्याकाळपर्यंत खरा म्हणून पुढे गेलेला असतो.

दोन संदेशांपैकी एक खरा असलाच पाहिजे, ही अट मी सर्वांत महत्त्वाची मानते. पहिल्या वर्षी मी सर्व नमुने खोटेच निवडले होते. मुलांनी भराभर सगळ्यांवर ‘खोटे’ असे लिहिले आणि मला वाटले की पाठ छान झाला. पुढच्या आठवड्यात वर्गातील एका मुलीने वडिलांच्या फोनवर आलेली वीजबिलाची खरी आठवण खोटी ठरवून पुसून टाकली आणि बिलाची मुदत टळून गेली. तिने प्रश्न विचारलेच नव्हते, फक्त माझा निष्कर्ष पाठ केला होता. त्यात दोष तिचा नसून माझ्या नमुन्यांचा होता.

पहिली तासिका : वीज तोडण्याचा संदेश

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रभर फिरलेल्या संदेशाच्या धर्तीवर मी पुढील मजकूर छापून देते.

‘प्रिय ग्राहक, आपले मागील महिन्याचे बिल अपडेट झालेले नाही. त्यामुळे आज रात्री ९.३० वाजता वीज कार्यालयातून आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. तातडीने आमच्या अधिकाऱ्यांशी ९८७६×××××× या क्रमांकावर संपर्क साधा. धन्यवाद, महावितरण.’

दुसरा कागद खऱ्या बिलाच्या सूचनेचा असतो. त्यात ग्राहक क्रमांक, देय रक्कम आणि भरण्याची अंतिम तारीख असते. तो मी माझ्याच घरच्या बिलाचा घेते आणि ग्राहक क्रमांकाचे मधले अंक झाकते.

पहिली पाच मिनिटे एका मुलाने पहिला संदेश मोठ्याने वाचावा आणि तो आपल्या घरच्या भाषेत आईला समजावून सांगावा, तसा वर्गाला सांगावा. हे करताना मुले नकळत संदेश बदलतात, हे वर्गाच्या लक्षात आणून द्यावे. या वर्षी ज्या मुलाने तेलुगूत सांगितले, त्याने ‘आज रात्री करंट काढणार आहेत, या नंबरवर फोन लाव’ एवढेच सांगितले. म्हणजे धमकी आणि मागणी तेवढी पोहोचली, आणि नाव-गाव-रक्कम नाही ही गोष्ट वाटेतच गळून गेली. घरचा वाचक गाळतो तेच नेमके फसवणाऱ्याला हवे असते.

त्यानंतर वीस मिनिटे गटांनी दोन्ही संदेशांना पाचही प्रश्न विचारून उत्तरे लिहावीत. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे चालणार नाही, संदेशातील शब्द उचलून लिहिले पाहिजे, असा नियम असावा. वर्गात उत्तरे साधारण अशी उलगडतात.

पहिल्या प्रश्नाला जवळपास सर्व गट ‘बिल भरायला सांगतो’ असे लिहितात. येथे शिक्षकाने थांबवून शब्दशः वाचायला लावावे. संदेशात बिल भरा असे कोठेही नाही, अमुक क्रमांकावर फोन करा असे आहे. पैशांचा विषय फोनवर निघतो. पलीकडचा माणूस बिल ‘अपडेट’ करण्यासाठी दहा रुपये भरायला सांगतो आणि त्यासाठी एखादे ॲप उतरवून घ्यायला लावतो. त्या ॲपमुळे आपल्या फोनचा पडदा त्याला दिसू लागतो किंवा आपले संदेश त्याच्यापर्यंत पोहोचू लागतात. दहा रुपये भरताना टाकलेले आकडे आणि बँकेकडून आलेला ओटीपी त्याच्या हाती लागतो आणि मग खात्यातून दहाऐवजी हजारो रुपये जातात. हे मुलांना सांगावे, कारण ‘नुसता फोन केला तर काय बिघडते’ हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : आज रात्री साडेनऊला अंधार. वेळ रात्रीची का, हे मात्र विचारावे. एका गटाने उत्तर दिले की तोपर्यंत कार्यालय बंद झालेले असते आणि विचारायला कोणी उरत नाही. याहून चांगले उत्तर माझ्याकडेही नव्हते. सोबतच हेही सांगावे की खऱ्या सूचनेतही मुदत असते, म्हणून घाई दिसली की संदेश खोटा असा नियम करता येत नाही. फरक एवढाच की खरी मुदत चौकशीला वेळ देते. वीज कायदा २००३ मधील कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून घरी पहिला प्रश्न असा विचारावा की याआधी अशी नोटीस आली होती का.

तिसऱ्या प्रश्नाला ‘खाली महावितरण लिहिले आहे’ असे उत्तर येते. लिहिणे आणि असणे यांतील अंतर येथे दाखवता येते. खरी सूचना साध्या दहा अंकी मोबाईल क्रमांकावरून न येता अक्षरांच्या शीर्षकाने येते, जसे `VM-MSEDCL`. अलीकडे त्याच्या शेवटी आणखी एक अक्षर जोडलेले दिसते. `G` म्हणजे सरकारी, `S` म्हणजे सेवेचा, `T` म्हणजे व्यवहाराचा आणि `P` म्हणजे जाहिरातीचा संदेश. ही उपयोगी खूण आहे, पण पुरावा नव्हे, कारण शीर्षकाचीही नक्कल झाल्याची उदाहरणे आहेत. दहा अंकी क्रमांकावरून आलेली ‘कार्यालयीन’ सूचना संशयास निश्चित पात्र ठरते, एवढाच निष्कर्ष काढावा.

चौथा प्रश्न या संदेशाची बाजू उघडी पाडतो. ग्राहकाचे नाव नाही, रक्कम नाही, बिलाचा महिना नाही आणि बारा अंकी ग्राहक क्रमांकही नाही. हाच मजकूर अक्षरही न बदलता अक्कलकोट रस्त्यावरील कारखान्याला, विडी घरकुलातील घराला आणि पंढरपुरातील मठाला पाठवता येईल. दुसऱ्या कागदावर मात्र तपासण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर मुलांना हा फरक स्वतःहून दिसतो, त्यासाठी व्याख्यान द्यावे लागत नाही.

निकाल लागतो तो पाचव्या प्रश्नावर. खोट्या संदेशाची तपासणी त्यातच दिलेल्या क्रमांकावर केली तर उत्तर नेहमी ‘हो, खरे आहे’ असेच येणार. मग वेगळी वाट कोणती? तेरापैकी अकरा गटांनी यंदा ‘गुगलवर शोधू’ असे लिहिले आणि मला वाटते की संपूर्ण पाठात सर्वांत जास्त वेळ येथेच द्यावा. शोधात वर दिसणारा ग्राहक सेवेचा क्रमांक फसवणाऱ्यांनीच पेरून ठेवलेला असू शकतो. त्या क्रमांकावर फोन करून लुबाडले गेलेले लोक पुष्कळ आहेत. म्हणून वाटांचा क्रम ठरवून द्यावा. पहिली वाट घरातील जुन्या कागदाची : विजेच्या कोणत्याही जुन्या बिलावर ग्राहक क्रमांक आणि टोल फ्री क्रमांक छापलेला असतो. तो जवळ नसेल तर १९१२ हा विजेच्या तक्रारींचा क्रमांक पाठ असावा. दुसरी वाट पायी जाण्याची : जवळचे वीज कार्यालय किंवा बिल भरण्याचे केंद्र. तिसरी वाट फोनमध्ये आधीपासून असलेल्या ॲपची. शोधयंत्र सर्वांत शेवटी, आणि तेही केवळ संस्थेचे संकेतस्थळ गाठण्यासाठी.

शेवटच्या दहा मिनिटांत निर्णयाचा नियम लिहून द्यावा, कारण मुलांना गुण मोजण्याची सवय असते. ‘पाचपैकी तीन बरोबर, म्हणजे संदेश खरा’ असे ती आपोआप ठरवतात. तसे नाही. पहिल्या चार प्रश्नांनी संशय कमी-जास्त होतो. पाचव्याचे उत्तर हाती येईपर्यंत पैसे, ओटीपी, पिन, ॲप, फोन आणि पुढे पाठवणे यांपैकी काहीही करायचे नाही. ‘माहीत नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे आणि त्याचा अर्थ थांबणे असा होतो.

मधली संध्याकाळ

गृहपाठ दोन भागांचा असतो. पहिला : पाच प्रश्न घरच्या भाषेत घरातील मोठ्या माणसाला सांगणे आणि त्याच भाषेत वहीत लिहून आणणे. लिपी कोणतीही चालेल. दुसरा : घरातील एक वीजबिल शोधून त्यावरील टोल फ्री क्रमांक वहीत उतरवणे आणि बिल कोठे ठेवलेले असते ते लिहिणे. ‘देवघरातील फोटोच्या मागे’, ‘पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाबरोबर’ अशी उत्तरे येतात. ज्यांना बिल सापडत नाही किंवा भाड्याच्या खोलीत असल्याने जे घरमालकाकडे असते, त्यांची पाचव्या प्रश्नाची वाट संकटाच्या आधीच बंद असल्याचे त्यांना त्या संध्याकाळी कळते. भाडेकरूंच्या मुलांनी घरमालकाला विचारणे हीच त्यांची वेगळी वाट होय.

दुसरी तासिका : दुव्याचे आणि अफवेचे संदेश

पहिली बारा मिनिटे दुवा वाचायला शिकवावे. शिष्यवृत्तीचे संदेश याच वयाला येतात, म्हणून फळ्यावर पुढील दोन ओळी लिहाव्यात.

```
mahadbt.maharashtra.gov.in
mahadbt.maharashtra.gov.in.form-fee.example
```

पहिला शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळाचा पत्ता आहे. दुसरा मी रचलेला आहे आणि `.example` हे टोक शिकवण्यासाठीच राखून ठेवलेले असल्याने तेथे कोणालाही संकेतस्थळ उघडता येत नाही. दोन्ही ओळी डावीकडून सारख्याच सुरू होतात आणि छोट्या पडद्यावर तेवढाच भाग दिसतो. पत्त्याचा मालक उजव्या टोकाला असतो. म्हणून `https://` हा भाग सोडून पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत यावे आणि तेथून मागे उजवीकडून वाचावे. पहिल्या ओळीचा शेवट `gov.in` असा होतो. दुसरीचा शेवट `form-fee.example` असा होतो आणि तिच्यातील शासनाचे नाव म्हणजे दुसऱ्याच्या घरावर लावलेली पाटी आहे. टपालाच्या पत्त्यात गाव आणि पिनकोड शेवटी येतात, तसेच हे आहे, एवढे सांगितले की मुलांना पटते. मात्र कुलपाचे चिन्ह दिसते म्हणून संकेतस्थळ खरे, हा समज येथेच काढून टाकावा. त्या चिन्हाचा अर्थ वाटेत कोणी वाचत नाही इतकाच असतो. वाटेच्या शेवटी कोण बसले आहे हे ते सांगत नाही.

उरलेला वेळ मी एका वेगळ्या संदेशाला देते. त्यात पैशाचा उल्लेखही नसतो : ‘आपल्या भागात मुले पळवणारी टोळी आली आहे. वेशांतर करून फिरतात. आपल्या सर्व गटांवर पाठवा.’ छायाचित्रे किंवा चित्रफिती दाखवू नयेत, केवळ मजकूर वाचावा. मुले पहिल्या प्रश्नाला ‘काहीच मागत नाही’ असे उत्तर देतात. थोडे थांबल्यावर कोणीतरी ‘पुढे पाठवायला सांगतो’ असे म्हणते. त्यानंतर मागणीचा दुसरा अर्धा भाग विचारून काढावा लागतो : तो अनोळखी माणसावर संशय घ्यायलाही सांगतो. चौथ्या प्रश्नाशी आल्यावर ‘आपल्या भागात’ या शब्दांखाली रेघ ओढावी. हा संदेश ज्या गावात वाचला जाईल, ते गाव आपोआप ‘आपला भाग’ बनते. तारीख नाही, ठिकाण नाही, पोलीस ठाण्याचे नाव नाही. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण आणि ‘अनेक वेळा पुढे पाठवलेला’ अशी नोंद असेल, तर तो लिहिणाऱ्याकडून आपल्यापर्यंत निदान पाच हातांनी आलेला आहे, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळणेच शक्य नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात जमावाने पाच माणसांना मुले पळवणारे समजून ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते आणि त्यांच्यापैकी बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. त्या दिवसांत राज्यभर असेच संदेश फिरत होते. हे सांगताना मी आवाज वाढवत नाही आणि तपशील रंगवत नाही, कारण भटक्या समाजातील मुले वर्गात बसलेली असतात आणि त्यांच्या घरची माणसे आजही परगावी जातात. पाचवा प्रश्न या ठिकाणी काय करू शकला असता, एवढेच विचारते. मुले लिहितात : पोलीस ठाण्यात विचारणे, ११२ वर फोन करणे, पोलीस पाटलांना बोलावणे. यांपैकी प्रत्येक वाट संदेशाच्या बाहेरची आहे.

पैसे गेलेच तर

हा भाग पाच मिनिटांत उरकता येतो, पण वगळू नये, कारण मुले रागावले जाण्याच्या भीतीने तासन् तास गप्प राहतात आणि गेलेली रक्कम अडवण्याची संधी सुरुवातीच्या वेळातच सर्वांत जास्त असते. क्रम असा सांगावा : फोनचे इंटरनेट बंद करणे, मोठ्या माणसाला सांगणे, दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि बँकेला कळवणे, त्यानंतर `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवणे. फोनवर विचारले जाणारे तपशील वहीत लिहून घ्यावेत : बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक. तो संदेश पुसून टाकू नये. दोन मुलांना समोर उभे करून, एकाने फोन घेणारा आणि दुसऱ्याने तक्रारदार व्हावे आणि हे संभाषण प्रत्यक्ष करून पाहावे.

दोन आठवड्यांनंतरची तपासणी

सूचना न देता मुलांनी कधीही न पाहिलेला एक संदेश द्यावा. मी यंदा ओळखीच्या क्रमांकावरून आलेला दिला होता : ‘चुकून माझा सहा अंकी कोड तुझ्या नंबरवर आला आहे, लवकर पाठव ना.’ क्रमांक मैत्रिणीचा आहे, परंतु लिहिणारा हात तिचा असेलच असे नाही, कारण तिचे व्हॉट्सॲप खाते आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले असू शकते आणि तो कोड दिला की आपलेही जाते. उत्तरे तपासताना खरे की खोटे या शेऱ्याला गुण देऊ नयेत. पाचव्या प्रश्नापुढे काय लिहिले आहे, तेवढेच पाहावे. ‘खात्री करेन’ असे लिहिणाऱ्या मुलाला पाठ पुन्हा द्यावा लागतो. एका मुलीने लिहिले होते : ‘तिच्या आईच्या नंबरवर फोन लावेन, तो माझ्या आईच्या डायरीत आहे, नाहीतर ती दोन गल्ल्या सोडून राहते.’ तिला मी पूर्ण गुण दिले.